खात्री कोणाची? राज्यपालांच्या अध्यादेशाची आणि स्वविवेकाधिकाराची पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातला कोणताही अध्यादेश उघडला, तर पहिल्या दोन ‘ज्याअर्थीं’मध्ये सारा वाद सापडतो. पहिल्यात विधानमंडळाच्या सभागृहांचे अधिवेशन चालू नसल्याचे सांगितलेले असते. दुसऱ्यात, तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल राज्यपालांची ‘खात्री पटली आहे’ असे म्हटलेले असते. हा मजकूर मंत्रालयात तयार होतो, राजभवनात त्यावर सही होते आणि ज्या खात्रीचा त्यात उल्लेख असतो ती नेमकी कोणाची, हे त्या कागदावरून कधीच कळत नाही. राज्यपालांना अध्यादेश काढण्याचा अधिकार देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद 213 चा इतिहास बराचसा या एका शब्दाचा इतिहास आहे.

हा शब्द संविधानकर्त्यांनी 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 88 मधून जवळपास जसाच्या तसा उचलला. त्या कायद्यात प्रांताच्या गव्हर्नराकडे दोन प्रकारचे अध्यादेश होते. कलम 88 चा अध्यादेश कायदेमंडळ भरलेले नसताना निघे आणि सर्वसाधारणपणे मंत्र्यांच्या सल्ल्याने निघे. कलम 89 चा अध्यादेश मात्र गव्हर्नराच्या खास अखत्यारीतल्या बाबींसाठी होता आणि तो कायदेमंडळ भरलेले असतानाही काढता येई. संविधानाने दुसरा प्रकार टाकून दिला आणि पहिला ठेवला. राज्यपालांना वैयक्तिक अध्यादेशाधिकार द्यायचा नाही, हे या निवडीतूनच पुरेसे स्पष्ट होते, असे मला वाटते. पण पहिल्या प्रकाराबरोबर ‘गव्हर्नराची खात्री’ ही शब्दरचनाही आली आणि तिचा मूळ संदर्भ मागे राहिला.

ती उणीव सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये भरून काढली. प्रकरण पंजाबमधील दोन न्यायिक अधिकाऱ्यांच्या सेवासमाप्तीचे होते. अध्यादेशाशी त्याचा संबंध नव्हता. तरीही सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या अध्यादेशाचा अनुच्छेद 123 आणि राज्यपालांच्या अध्यादेशाचा 213 यांचा नावानिशी उल्लेख करून सांगितले की, संविधानात जेथे राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री अपेक्षित आहे तेथे ती व्यक्तिगत खात्री नसते. ती मंत्रिमंडळाची खात्री असते. याचा अर्थ, अध्यादेश केव्हा काढावा हे ठरवण्यात राज्यपालांना स्वविवेक नाही. पुढच्याच वर्षी 38 व्या घटनादुरुस्तीने ही खात्री अंतिम आणि न्यायालयात आव्हान न देता येणारी ठरवली, आणि 44 व्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले. काढून टाकल्याने न्यायालयांचा अधिकार आपोआप परत आला का, या प्रश्नाचे ठोस उत्तर मिळायला मात्र 2017 उजाडावे लागले.

अध्यादेशाच्या वेळेबाबतची दुसरी अट, म्हणजे ‘अधिवेशन चालू नसणे’, वरवर पाहता यांत्रिक वाटते. तिच्यातली गुंतागुंत समजून घ्यायला पंजाबमधील मार्च 1968 चे प्रकरण बारकाईने पाहावे लागते. विधानसभेत अर्थसंकल्प मंजूर व्हायचा होता आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत होते. अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला, गोंधळ झाला आणि 7 मार्चला अध्यक्षांनी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. तहकुबी म्हणजे सत्रसमाप्ती नव्हे. सभागृह बसत नसले तरी सत्र चालूच राहते, आणि सत्र चालू असताना अध्यादेश काढता येत नाही. म्हणजे पैसे मंजूर करणारे सभागृह बंद आणि अध्यादेशाचा मार्गही बंद, अशी कोंडी झाली.

राज्यपालांनी 11 मार्चला सत्रसमाप्ती केली. 13 मार्चला त्यांनी वित्तीय कामकाजाच्या कार्यपद्धतीविषयी अध्यादेश काढला. वित्तीय कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाने स्वतः बहुमताने ठरवल्याखेरीज ते तहकूब होणार नाही, अशी तरतूद त्यात होती. 14 तारखेला आमंत्रण निघाले आणि 18 तारखेला सभागृह पुन्हा भरले. अध्यक्षांनी हे सारे बेकायदा ठरवून सभागृह पुन्हा तहकूब केले, तेव्हा उपाध्यक्षांनी आसन घेतले आणि विनियोजन विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने बहुमताने अध्यादेश अवैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अध्यादेश काढता यावा यासाठीच सत्रसमाप्ती केली, एवढ्याने सत्रसमाप्ती अवैध होत नाही, आणि अशा कोंडीत राज्यपालांनी दुसरे काय करायला हवे होते, असा त्या निकालाचा रोख होता.

निकाल त्या परिस्थितीत बरोबर होता यात मला शंका वाटत नाही, पण त्याचा पुढचा उपयोग सरसकट झाला. सत्रसमाप्तीचा सल्ला देणारे मंत्रिमंडळ आणि अध्यादेश हवा असलेले मंत्रिमंडळ एकच असते. पंजाबात राज्यपालांसमोर अध्यक्षांनी निर्माण केलेली कोंडी होती. नंतर अशी कोंडी नसतानाही, बहुमत डळमळीत असताना किंवा सभागृहात चर्चा नको असताना, सत्रसमाप्ती करून अध्यादेश काढणे नियमबाह्य नाही असे सांगण्यासाठी याच निकालाचा आधार घेतला जाऊ लागला. द्विसभागृही राज्यांत तर आणखी एक वाट आहे. दोन्ही सभागृहे सत्रात असतील तेव्हाच अनुच्छेद 213 मनाई करतो. त्यामुळे विधानपरिषदेचे सत्र संपलेले असेल, तर विधानसभा बसलेली असतानाही अध्यादेश काढायला शब्दशः अडथळा नाही.

वेळेचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला तो पुण्यातील अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने. बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांना आढळले की ते राज्य अध्यादेशांवर चालले आहे. 1967 ते 1981 या काळातले 256 अध्यादेश पुन:पुन्हा प्रख्यापित करून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवलेले होते. त्यांच्या याचिकेवरील डिसेंबर 1986 च्या निकालात एका परिपत्रकाचा उल्लेख आहे. अधिवेशन संपले की संसदीय कामकाज विभाग सर्व खात्यांना कळवायचा की सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश संपुष्टात येतील, तेव्हा मुदतीआधी ते नव्याने काढावेत, आणि मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मान्यतेचीही गरज नाही. खात्री राज्यपालांची नसून मंत्रिमंडळाची असते असे 1974 मध्ये ठरले होते. इथे मंत्रिमंडळाचीही उरली नव्हती, ती एखाद्या कारकुनाच्या टिपणीत सामावली होती. न्यायालयाने याला संविधानाची फसवणूक म्हटले आणि याचिकाकर्त्याला दहा हजार रुपये खर्च मंजूर केला. विधानमंडळापुढे कामाचा फार ताण असेल तर पुन:प्रख्यापन चालू शकेल, ही फट मात्र तशीच राहिली.

2 जानेवारी 2017 च्या निकालातला विषयही बिहारचाच होता. 1989 पासून 1992 पर्यंत एकामागून एक अध्यादेश काढून राज्याने खाजगी संस्कृत शाळा ताब्यात घेतल्या होत्या. 30 एप्रिल 1992 ला शेवटचा अध्यादेश संपला, कायदा झालाच नाही, आणि शिक्षक आपण सरकारी नोकर आहोत म्हणून न्यायालयात गेले. सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले की अध्यादेश विधानमंडळापुढे मांडणे बंधनकारक आहे आणि न मांडणे हा घटनेचा गंभीर भंग आणि घटनात्मक प्रक्रियेचा गैरवापर आहे. अध्यादेश संपल्यावर त्याखाली मिळालेले हक्क आपोआप टिकत नाहीत. खात्रीबाबत न्यायालयाने मध्यम वाट घेतली. खात्री कोणत्या तरी संबद्ध सामग्रीवर आधारलेली होती का, हे तपासता येईल. ती सामग्री पुरेशी होती का, हे तपासता येणार नाही. शिक्षकांना नोकरी मिळाली नाही, पण घेतलेला पगार परत करावा लागला नाही.

न्यायालय अध्यादेश निघाल्यानंतर येते, राज्यपाल सहीच्या वेळी असतात. त्यामुळे अलीकडचा ताण राजभवनातच दिसतो. फेब्रुवारी 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारला सरपंचाची थेट निवडणूक रद्द करणारा अध्यादेश हवा होता. अर्थसंकल्पी अधिवेशन 24 फेब्रुवारीला सुरू होणार होते. राज्यपालांनी सही केली नाही आणि विधेयक आणण्यास सुचवले, आणि विधेयक अधिवेशनात लगेच संमतही झाले. सप्टेंबर 2021 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणाच्या अध्यादेशावर राज्यपालांनी आधी खुलासा मागितला आणि मग सही केली. यातला दुसरा मार्ग मला निर्दोष वाटतो. कागद परत पाठवून ‘तात्काळ’ हे कशावरून, असे विचारणे म्हणजे मंत्रिमंडळाला आपली खात्री नीट नोंदवायला लावणे आहे, आणि 2017 च्या कसोटीसाठी तीच नोंद पुढे उपयोगी पडते. पहिला मार्ग परिणामाने शहाणपणाचा होता, पण 1974 च्या तत्त्वात तो बसवणे कठीण आहे.

केरळमधील ऑगस्ट 2022 चा प्रसंग याहून स्पष्ट आहे. विधानसभा 27 जूनला भरली, त्यामुळे आधीचे अध्यादेश सहा आठवड्यांनी, म्हणजे 8 ऑगस्टला, संपणार होते. अधिवेशनात विधेयके संमत झाली नव्हती. सरकारने अकरा अध्यादेश पुन्हा काढण्यासाठी पाठवले, आणि आपल्याला ते वाचायला वेळ हवा असे म्हणून राज्यपालांनी सही केली नाही. ते सगळे व्यपगत झाले आणि सरकारला त्याच महिन्यात विशेष अधिवेशन बोलवावे लागले. राज्यपालांनी नकार हा शब्दही उच्चारला नाही, फक्त दिनदर्शिका पुढे जाऊ दिली. पुन:प्रख्यापनाचा सल्लाच 1986 आणि 2017 च्या निकालांनी संशयास्पद ठरवला असल्याने, तो सल्ला मानण्याचे बंधन किती, हा प्रश्न त्या वेळी कोणी न्यायालयात नेला नाही.

स्वविवेकाला अनुच्छेदाच्या मजकुरातच असलेली एक जागा सहसा दुर्लक्षित राहते. अनुच्छेद 213 च्या परंतुकानुसार, तशाच तरतुदींचे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवणे राज्यपालांना आवश्यक वाटले असते, तर राष्ट्रपतींच्या सूचनांखेरीज अध्यादेश काढता येत नाही. राखून ठेवण्याचा हा निर्णय विधेयकांच्या संमतीविषयीच्या अनुच्छेद 200 मधून येतो. 20 नोव्हेंबर 2025 च्या अभिमतात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने म्हटले की विधेयकाबाबत ही निवड करताना राज्यपालांना स्वविवेक आहे. हे परंतुकाला लावले तर अध्यादेशाच्या बाबतीतही राज्यपालांना आपल्या मताने कागद दिल्लीला पाठवता येईल, पण तेवढेच. सरळ नकार यातून निघत नाही. केरळच्या लोकायुक्त कायद्यातील दुरुस्तीचा अध्यादेश फेब्रुवारी 2022 मध्ये राज्यपालांनी सही करून काढला होता. त्याच विषयावरचे, थोड्या बदलांसह संमत झालेले विधेयक त्याच राज्यपालांनी नंतर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले, आणि त्याला 2024 मध्ये संमती मिळाली.