आरटीजीएस करूनही पैसे का पोहोचत नाहीत? एनईएफटी, आयएमपीएस आणि आरटीजीएसमधला खरा फरक

‘आरटीजीएस म्हणजे लगेच, एनईएफटी म्हणजे उशिरा, आयएमपीएस म्हणजे सगळ्यात लगेच’ असं सरसकट सांगितलं जातं. मग बारा लाखांचं आरटीजीएस संध्याकाळपर्यंत पोहोचलं नाही की ‘सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून लोक गप्प बसतात. सर्व्हर क्वचितच बंद असतो. पैसे बहुतेक वेळा आरटीजीएसमध्ये गेलेलेच नसतात. ते अजून आपल्याच बँकेत असतात.

आयएमपीएस सगळ्यांच्या सवयीचं आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात. ते एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारीच संस्था, चालवते. चोवीस तास चालतं, एका वेळी जास्तीत जास्त ५ लाख रुपये जातात आणि शुल्क किती घ्यायचं ते प्रत्येक बँक स्वतः ठरवते. आरटीजीएस आणि एनईएफटी रिझर्व्ह बँक चालवते. आरटीजीएसला किमान २ लाखांची अट आहे, कमाल मर्यादा नाही. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेची किमान मर्यादाही नाही आणि कमालही नाही. ‘दोन लाखांच्या वर एनईएफटी होत नाही’ हे काउंटरवरसुद्धा ऐकायला मिळतं. ते चूक आहे. बँकेने आपल्या ॲपवर स्वतःची मर्यादा घातलेली असू शकते, पण तो एनईएफटीचा नियम नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली, दोन बँकांचा आपापसातला हिशेब रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर मिटतो. दुसरी, घेणाऱ्या माणसाच्या खात्यात रक्कम जमा होते. या दोन्हींचा क्रम आणि पद्धत तिन्ही ठिकाणी वेगळी आहे, आणि बाकीचे सगळे फरक त्यातूनच आलेले आहेत.

आयएमपीएसमध्ये आधी समोरच्याच्या खात्यात जमा होतं आणि बँकांचा हिशेब मागाहून एकत्र मिटतो. म्हणजे समोरची बँक हातात पैसे येण्याआधीच आपल्या ग्राहकाला रक्कम देऊन मोकळी होते. अशा व्यवस्थेत रकमेला मर्यादा असणं साहजिकच आहे.

आरटीजीएसमध्ये क्रम उलटा. तुमचा एकेक व्यवहार स्वतंत्रपणे रिझर्व्ह बँकेत मिटतो, तुमच्या बँकेच्या खात्यातून पूर्ण रक्कम वजा होऊन समोरच्या बँकेच्या खात्यात जाते, आणि मगच ती बँक ग्राहकाच्या खात्यात जमा करते. पैसे आधीच मिळालेले असल्याने जोखीम उरत नाही. म्हणून कोटीच्या रकमाही यातून जातात. संदेश मिळाल्यापासून जमा करायला त्या बँकेला ३० मिनिटं असतात. तेव्हा ‘तत्काळ’ हा शब्द दोन बँकांमधल्या हिशेबापुरता आहे. तुम्ही काउंटरवर फॉर्म दिलात त्या क्षणापासून घड्याळ सुरू होत नाही.

एनईएफटीमध्ये व्यवहार गठ्ठ्याने मिटतात. दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला ४८. समजा एका बॅचमध्ये पहिल्या बँकेच्या ग्राहकांनी दुसऱ्या बँकेत मिळून ४० कोटी पाठवले आणि उलट दिशेने ३५ कोटी आले, तर बँकांमध्ये फक्त ५ कोटींचा फरक सरकतो. बॅच मिटल्यापासून दोन तासांत खात्यात जमा करायचं किंवा पैसे परत पाठवायचे, असं बंधन समोरच्या बँकेवर आहे. सकाळी ११:०५ ला ॲपवरून पाठवलेली रक्कम ११:३० च्या बॅचमध्ये गेली तर दीडपर्यंत जमा व्हायलाच हवी. बहुतेक वेळा ती त्याआधीच जमा होते.

वेळांबद्दलचा एक जुना समज अजून गेलेला नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालतं. आरटीजीएसमध्ये फक्त मध्यरात्रीच्या सुमारास दिवस बंद करून नवा उघडण्याएवढा खंड पडतो. ‘आज रविवार आहे, आरटीजीएस होणार नाही’ असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ ‘आज शाखा बंद आहे’ एवढाच घ्यावा. शाखेची वेळ वेगळी आणि यंत्रणेची वेळ वेगळी. मोठ्या रकमा अडकतात त्या बहुतांशी या फरकामुळेच.

एक उदाहरण तारखांसह पाहू. फ्लॅटचं खरेदीखत सोमवारी, १६ जून २०२५ ला सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयात व्हायचं आहे, आणि विकणाऱ्याला त्याआधी बारा लाख पोहोचायला हवेत. खरेदीदार शुक्रवारी, १३ जूनला दुपारी ३:५० ला शाखेत आरटीजीएसचा फॉर्म आणि चेक देतो. काउंटरवर शिक्का मारून पावतीचा तुकडा मिळतो. तो विकणाऱ्याला फोन करून सांगतो, ‘आरटीजीएस केलंय, अर्ध्या तासात येतील.’

फॉर्मचं पुढे काय होतं ते पाहा. एक कर्मचारी संगणकावर नोंद करतो. दुसरा अधिकारी सही जुळवून ती मंजूर करतो. रक्कम मोठी असेल तर काही बँका नोंदणीकृत मोबाईलवर फोन करून खात्री करतात. फोन उचलला गेला नाही तर नोंद तशीच पडून राहते. दोघांपैकी एकाचं काम राहिलं आणि शाखेची वेळ संपली, तर व्यवहार बँकेबाहेर पडलेलाच नसतो. १४ जून दुसरा शनिवार, १५ जून रविवार. बारा लाख सोमवारी शाखा उघडल्यावर निघतात, आणि तोवर सगळे निबंधक कार्यालयाच्या बाकावर ताटकळत बसलेले असतात. त्या तीन दिवसांत आरटीजीएस अखंड सुरू होतं. हेच खरेदीदाराने शनिवारी सकाळी नेट बँकिंगवरून केलं असतं तर दुपारच्या आत काम झालं असतं.

हे ताडून पाहायची सोय यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या ओळख क्रमांकातच आहे. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो आणि असा दिसतो:

```
ABCDR52025061600012345
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, पाचवं R म्हणजे आरटीजीएस, त्यापुढचा एक अंक व्यवहार कुठल्या मार्गाने आला त्याचा, मग तारीख आणि शेवटी अनुक्रमांक. इथे तारीख १६ जून आहे. म्हणजे शिक्का तेराचा असला तरी व्यवहार सोळाला तयार झाला. म्हणून माझा आग्रह असा की शिक्का मारलेली पावती घेऊन शाखेतून निघू नका. मोठी रक्कम असेल तर यूटीआर हातात पडेपर्यंत थांबा. आणि ‘खात्यातून रक्कम वजा झाली’ हा एसएमएस म्हणजे पैसे पोहोचल्याचा पुरावा नाही. समोर जमा झाल्यावर पाठवणाऱ्याला तसा दुसरा संदेश येण्याची तरतूद एनईएफटी आणि आरटीजीएस दोन्हींत आहे. वाट पाहायची ती त्या दुसऱ्या संदेशाची.

ॲपवरून पाठवणाऱ्यांची अडचण वेगळी. नवीन खातं लाभार्थी म्हणून जोडल्यावर बँका काही तास थांबवतात किंवा पहिल्या दिवशी रकमेवर मर्यादा घालतात. फसवणूक झाली तर खातेदाराला सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून हे आहे, आणि ते योग्यच आहे. पण व्यवहाराच्या दिवशी सकाळी खातं जोडायला बसलं की हमखास अडकायला होतं. दोन दिवस आधी जोडा, एक रुपया पाठवून पाहा आणि नेट बँकिंगची रोजची मर्यादा तेव्हाच वाढवून घ्या.

मर्यादा आड आली की लोक बारा लाखांचे ५, ५ आणि २ असे तुकडे करून आयएमपीएस करतात. हे मला अजिबात पटत नाही. बऱ्याच ॲपवर आयएमपीएसची दिवसाची एकूण मर्यादाच ५ लाख किंवा त्याहून कमी असते, शुल्क प्रत्येक तुकड्यावर लागू शकतं, आणि एक तुकडा लटकला तर ना धड पोहोचले ना धड परत आले अशी गत होते. आयएमपीएसमध्ये समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार अर्धवट राहतो. तुमच्याकडून वजा झालेले असतात, तिकडे दिसत नाहीत. अशा वेळी पुन्हा पाठवू नका, नाहीतर दोन्ही व्यवहार जमा होऊ शकतात. बारा अंकी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, जपून ठेवा. व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देणं बँकेवर बंधनकारक आहे.

यूटीआर मिळाला, अर्धा तास उलटला, तरी आरटीजीएस दिसत नाही? आता विचारायचं ते समोरच्या बँकेत. काही छोट्या सहकारी बँका थेट सभासद नसतात, दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत व्यवहार घेतात, तिथे खात्यात नोंद पडायला वेळ जातो. खातं बंद किंवा गोठवलेलं असेल तर आरटीजीएसची रक्कम साधारण तासाभरात परत निघायला हवी. समोरच्या बँकेने जमा करायला किंवा परत करायला उशीर केला तर रेपो दर अधिक २ टक्के या दराने व्याज मागता येतं, एनईएफटीलाही हाच दर आहे.

खाते क्रमांक चुकला आणि तो दुसऱ्याच कोणाचा निघाला, तर मात्र रक्कम तिकडे जमा होते आणि आपोआप परत येत नाही, कारण जमा करताना नाव नाही, क्रमांक पाहिला जातो. १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची होती. ती वापरा. आयएफएससी टाकताना पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, ओ नव्हे.

शुल्काची चर्चा उगाच जास्त होते. बचत खात्यावरून ऑनलाइन एनईएफटी १ जानेवारी २०२० पासून मोफत आहे. ऑनलाइन आरटीजीएसलाही बहुतेक मोठ्या बँका बचत खात्यावर काही घेत नाहीत. शाखेतून केलं तर आरटीजीएसला ५ लाखांपर्यंत जास्तीत जास्त २४.५० रुपये आणि त्यापुढे ४९.५० रुपये, एनईएफटीला २ लाखांच्या वर जास्तीत जास्त २५ रुपये, अधिक जीएसटी. म्हणजे बारा लाखांचं आरटीजीएस शाखेतून फार तर ५८.४१ रुपयांना पडतं, एनईएफटी २९.५० ला. पैसे घेणाऱ्याकडून या दोन्हींसाठी काहीच घेता येत नाही. तीस रुपये वाचवायला खरेदीखताच्या दिवशी एनईएफटी निवडू नका. दोन लाखांच्या वर आणि वेळेचं बंधन असेल तर आरटीजीएस, तेही ऑनलाइन. घाई नसेल तर कितीही रकमेला एनईएफटी उत्तम. आणि दोन्ही खाती एकाच बँकेत असतील तर या तिघांपैकी काहीच लागत नाही. त्याच बँकेतलं हस्तांतर निवडा, बाहेरच्या कुठल्याही यंत्रणेकडे न जाता रक्कम जमा होते.