खडी आधी, डांबर नंतर: मदुराईच्या प्राध्यापकांचं पेटंट नेमकं कशावर आहे?

‘प्लॅस्टिकपासून रस्ता बनवणाऱ्या प्राध्यापकांना पेटंट’ ही ओळ बहुतेकांनी कधी ना कधी वाचली असेल. मदुराईच्या त्यागराजर कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांच्या फोटोखाली ती असते. कॉलेजला हे पेटंट २००६ मध्ये मिळालं आणि २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. ओळ खोटी नाही, पण तिच्यातून असं वाटतं की डांबराऐवजी प्लॅस्टिक ओतून रस्ता केला. तसा रस्ता त्यांनी केलेला नाही. पेटंट प्लॅस्टिकवर नाही आणि डांबरावरही नाही. ते आहे मिसळण्याच्या क्रमावर, आणि गंमत त्या क्रमातच आहे.

डांबरात काहीतरी घालून ते सुधारायचं ही कल्पना जुनी आहे. रबर आणि निरनिराळी पॉलिमर डांबरात मिसळण्याचे प्रयोग जगभर झाले होते. वासुदेवन यांनी २००१च्या सुमारास कचऱ्यातल्या प्लॅस्टिककडे पाहिलं तेव्हा समोर दिसणारी वाटही तीच होती: प्लॅस्टिकचा चुरा करायचा, तापलेल्या डांबरात टाकायचा आणि घोटायचा. या पद्धतीला ‘ओली पद्धत’ म्हणतात. तिची अडचण अशी की पिशवीतलं पॉलिथिन आणि डांबर दोन्ही पेट्रोलियमच्या घराण्यातली असली तरी एकमेकांत नीट विरघळत नाहीत. घोटणं थांबवलं की हलकं प्लॅस्टिक हळूहळू वर येऊन वेगळं होतं. म्हणजे टाकीत सतत ढवळणारं यंत्र हवं, मिश्रण साठवून ठेवता येत नाही, आणि प्लॅस्टिकचं प्रमाण वाढवलं की त्रासही वाढतो.

वासुदेवन यांनी प्लॅस्टिक डांबरात टाकलंच नाही. ते त्यांनी खडीवर टाकलं. खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या हॉटमिक्स प्लांटमध्ये खडी तशीही साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावीच लागते. पॉलिथिन त्याच्या बरंच आधी वितळतं. त्यामुळे तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा बारीक चुरा पडला की अर्ध्या-पाऊण मिनिटात तो वितळून प्रत्येक दगडाभोवती पातळ पापुद्र्यासारखा बसतो. मग त्यावर गरम डांबर ओतायचं. डांबर थेट दगडाला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटतं, आणि ती पकड जास्त घट्ट असते. ही झाली ‘कोरडी पद्धत’. नवी यंत्रं नकोत, वेगळी टाकी नको. प्लांटवर एक पायरी वाढते, एवढंच.

याचा उपयोग समजायला रस्ता कसा खराब होतो ते पाहावं लागतं. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय असतं. खडीच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. पाणी मुरत मुरत तिथपर्यंत पोचलं की ते डांबराचा थर दगडापासून सोडवतं. मग वाहनांच्या चाकांखाली सुटी झालेली खडी उडते आणि खड्डा पडतो. आपल्याकडे पहिल्या मोठ्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला सुट्या खडीचा जो ढीग दिसतो, तो याच प्रकारचा. प्लॅस्टिकच्या आवरणाने छिद्रं बुजतात आणि पाण्याला शिरायला जागा कमी उरते. हे तपासायची चाचणी अगदी साधी आहे: डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवायची आणि किती दगडांवरून डांबर सुटलं ते पाहायचं. डांबराखाली प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या खडीवरून ते जवळजवळ सुटत नाही.

आता हिशेब. समजा प्लांटमधून १०० टन मिश्रण काढायचं आहे आणि त्यात डांबर ५ टक्के, म्हणजे ५ टन लागतं. त्या डांबराच्या ८ टक्के प्लॅस्टिक वापरलं तर ४०० किलो प्लॅस्टिक लागेल आणि डांबर ४.६ टनांवर येईल. उरलेले ९५ टन खडीच. म्हणजे ‘प्लॅस्टिकचा रस्ता’ म्हणून जे ओळखलं जातं, त्यात प्लॅस्टिक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं! तरी एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला साधारण टनभर कचरा जिरतो असं धरतात. पातळ पिशव्या किती हलक्या असतात ते लक्षात घेतलं तर हा आकडा लहान नाही.

पहिले रस्ते २००२ पासून तमिळनाडूत झाले. चेन्नईची जंबुलिंगम स्ट्रीट, इरोडमधली एक गल्ली, मदुराईजवळचे वंडियूर आणि विलाचेरी रस्ते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुढे या रस्त्यांची तपासणी करवली. पृष्ठभागाचा खडबडीतपणा, चाकांची पकड, भाराखाली रस्ता किती दबतो, हे सगळं मोजून साध्या डांबरी रस्त्याशी ताडून पाहिलं गेलं. वापरात काही वर्षं काढूनही ते चांगले टिकलेले आढळले. माझ्या मते पेटंटच्या कागदापेक्षा ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण पेटंट देताना रस्ता किती वर्षं टिकेल हे कोणी पाहत नाही.

पेटंट देताना पाहतात ते इतकंच: गोष्ट नवी आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का, आणि उद्योगात वापरता येते का. प्लॅस्टिक आणि डांबर एकत्र आणणं नवं नव्हतं. खडीवर आधी आवरण चढवणं ही वेगळी पायरी होती. पेटंट मिळालं म्हणजे त्या पायरीचा व्यापारी वापर करण्यापासून इतरांना अडवण्याचा हक्क मिळाला, तोही अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपुरता आणि त्या देशापुरता. बदल्यात पद्धत सगळ्यांना वाचता येईल अशी लिहून द्यावी लागते. वासुदेवन यांनी हा हक्क पैशासाठी वापरला नाही, तंत्र सरकारला मोफत दिलं. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने मोठ्या शहरांच्या आसपासच्या डांबरीकरणात टाकाऊ प्लॅस्टिक वापरायला सांगितलं.

प्रत्यक्ष कामावर मात्र ही पद्धत बिघडू शकते, आणि ते ओळखता येतं. चुरा ओला किंवा मातकट असेल तर त्याच्या गुठळ्या होतात आणि दगड अर्धवट उघडे राहतात. नीट आवरण बसलेली खडी डांबर ओतण्याआधीच तेल लावल्यासारखी चकचकीत दिसते. तशी दिसली नाही तर तो घाणा थांबवायला हवा. चुऱ्याचे तुकडे साधारण अडीच ते पावणेपाच मिलिमीटरचे लागतात, मोठे असले तर वेळेत वितळत नाहीत. पीव्हीसी, म्हणजे पाइप, केबलचं आवरण, बॅनरचं कापड, यात अजिबात चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. म्हणून कचरा वेगळा करणारे हात या पद्धतीत प्लांटइतकेच लागतात. खडी जास्त तापली तर बाकीचं प्लॅस्टिकही धूर सोडू लागतं. आणि रस्त्याखालचा भराव कच्चा असेल किंवा कडेला गटारच नसेल, तर वरच्या थरात कितीही चांगली खडी असली तरी खड्डा पडणारच. त्या दुखण्यावर हे पेटंट कधी नव्हतंच.