सुपर ओव्हर, बरोबरीचा सामना आणि पैजेचा हिशेब

क्रिकेटमध्ये दोन्ही संघांच्या धावा सारख्या होऊन डाव संपले, तर सामना बरोबरीत सुटतो. यालाच टाय म्हणतात. अनिर्णित कसोटी ही वेगळी गोष्ट. तिथे डावच पुरे झालेले नसतात.

मर्यादित षटकांच्या सामन्यात टाय फोडण्यासाठी सुपर ओव्हर खेळवतात. प्रत्येक संघाला सहा चेंडू मिळतात आणि दोन गडी बाद झाले की डाव आटोपतो. मूळ सामन्यात नंतर फलंदाजी केलेला संघ इथे आधी खेळतो. 2019च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या सुपर ओव्हरमध्येही 15-15 धावा झाल्या आणि इंग्लंडला जास्त चौकार-षटकारांवर विजेता ठरवलं गेलं. त्या निकालावर इतकी टीका झाली की त्याच वर्षी आयसीसीने तो नियम मोडीत काढला. आता पुन्हा सुपर ओव्हर होते. जानेवारी 2024 मध्ये बंगळुरूला भारत आणि अफगाणिस्तान यांच्यात दोन झाल्या. पहिली 16-16 अशी सुटली. दुसरीत भारताच्या 11 धावा झाल्या, आणि रवी बिश्नोईने तीन चेंडूंत दोन गडी टिपून अफगाणिस्तानला एका धावेवर रोखलं.

अशा सामन्यात विजेत्यावरची पैज सहसा सुपर ओव्हरच्या निकालाने मिटते. अडचण येते ती टाय तशीच राहिली तर. 2 ऑगस्ट 2024 रोजी कोलंबोच्या एकदिवसीय सामन्यात श्रीलंकेने 8 बाद 230 धावा केल्या होत्या. भारताला एकच धाव हवी असताना असलंकाने लागोपाठच्या चेंडूंवर दुबे आणि अर्शदीप यांना पायचीत केलं. सुपर ओव्हर झालीच नाही.

अशा वेळी ब्रिटनमधल्या बऱ्याच बुकींकडे घोड्यांच्या शर्यतीतला ‘डेड हीट’ नियम लागतो. निम्मी रक्कम जिंकली, निम्मी हरली असं धरतात. समजा, भारतावर 1.80 भावाने (आपल्याकडच्या सट्ट्याच्या बोलीत 80 पैसे) 10 पौंड लावले होते. त्यातले 5 पौंड बुडाले, उरलेल्या 5 पौंडांचे 9 झाले. म्हणजे हरला नसलेल्या संघावर लावूनही एक पौंड गेला. श्रीलंकेवर 2.10 भावाने तेवढेच लावणाऱ्याला साडेदहा पौंड मिळतील. थोडक्यात, दुपटीहून कमी भाव घेतलेला तोट्यात जातो. काही बुकी मात्र पैज रद्द धरून मूळ रक्कम परत करतात. कसोटीत ‘अनिर्णित’वर लावलेले पैसे टायमध्ये सहसा बुडतात, आणि इथेच नवख्यांची गफलत होते.

आणखी एक खाच आहे. सुपर ओव्हरमधल्या धावा खेळाडूच्या आकडेवारीत धरत नाहीत, त्यामुळे ‘सर्वाधिक धावा कोणाच्या’ यासारख्या पैजांतही त्या सहसा मोजल्या जात नाहीत. भारतात क्रिकेटवर सट्टा लावणं बेकायदा आहे. त्यामुळे इथे बुकीने हिशेब कसाही मिटवला, तरी दाद मागायला जागा नाही.