कॉल आणि पुटचा प्रीमियम कधी सारखा असतो?

"स्ट्राइक आणि शेअरचा भाव दोन्ही 100 असतील तर कॉल-पुटचा प्रीमियम सारखाच ना? पेऑफ डायग्राम तर एकमेकांचे आरसे दिसतात."

नाही हो, आणि हा समज इतकी वर्षं क्लासमधून फिरतोय की वाईट वाटतं, कारण इथे हातातले मार्क जातात. डायग्राम फक्त एक्सपायरीच्या दिवसाचं चित्र आहे, तोपर्यंतचं व्याज त्यात कुठे दिसतच नाही.

समजा मुदत एक वर्ष, व्याज 10%, आणि दोन्ही प्रीमियम 8 रुपये. आता शेअर शॉर्ट करा, 100 आले, कॉल घ्या, पुट विका, प्रीमियमचा हिशोब शून्य. ते 100 बँकेत टाका, वर्षाने 110 होतात. भाव 100 च्या वर गेला तर तुम्ही कॉल वापरता, खाली आला तर समोरचा पुट वापरतो, म्हणजे काहीही झालं तरी 100 ला शेअर मिळतो, तो परत करायचा आणि 10 रुपये खिशात. फुकटचे पैसे असे बाजारात टिकत नाहीत, म्हणून C कॉलचा प्रीमियम, P पुटचा, S शेअरचा आजचा भाव, K स्ट्राइक, r व्याजदर आणि T वर्षांतली मुदत धरली तर:

```
C - P = S - K/(1+r)^T
```

म्हणजे 100 - 90.91 = 9.09, कॉल एवढा महाग हवा. कॉल 12 ला असेल तर पुट 2.91.

प्रीमियम सारखे होतात ते स्ट्राइक फॉरवर्ड भावाएवढी, म्हणजे आजचा भाव अधिक मुदतीचं व्याज, इथे 110, असेल तेव्हा. फक्त प्रश्नात "युरोपियन", म्हणजे एक्सपायरीलाच वापरता येणारं ऑप्शन, लिहिलंय का ते बघा, आधीही वापरता येणाऱ्या अमेरिकनला ही बरोबरी लागू नाही, आणि डिव्हिडंड असेल तर त्याची आजची किंमत S मधून आधी वजा करायची.