कुल्फीचं दूध निम्म्यावरच का आटवतात? लिटरचा हिशोब आणि त्यामागचा इतिहास

कुल्फीची कुठलीही रेसिपी उघडा, लिहिलेलं असतं "दूध निम्मं होईपर्यंत आटवा आणि लिटरला १०० ग्रॅम साखर घाला". हे निम्मं नक्की कुठून आलं आणि आज पिशवीतलं दूध घेऊन तेच केलं की गणित का चुकतं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत पाणी गार करायला सोरा हा क्षार वापरायचे असा उल्लेख आहे, आणि १५८६ पासून लाहोरला उत्तरेकडच्या डोंगरातून बर्फ यायला लागला असंही आहे. सोऱ्याने पाणी गार होतं पण दूध काही गोठत नाही, त्याला बर्फच लागतो आणि बर्फात मीठ. नुसता बर्फ शून्य अंशाला, मीठ घातलं की तो उणे वीसच्या आसपास जाऊ शकतो. मटका कुल्फीवाल्याच्या माठात आजही हेच चालतं, बर्फ-मिठाच्या मिश्रणात कणकेने किंवा रबराने तोंड बंद केलेले पत्र्याचे साचे. मुंबईत १८३० च्या दशकात अमेरिकेहून जहाजाने बर्फ यायला लागला, तोवर आपल्याकडे ही चैन फक्त बर्फ परवडणाऱ्यांची होती.

आता मुद्दा असा की साच्यातलं दूध कोणी ढवळत नाही. आइस्क्रीम सतत घुसळत गोठवतात त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि मध्ये हवा भरते. कुल्फी जागच्या जागी सावकाश गोठते, म्हणजे पाणी जास्त असेल तर मोठाले सुईसारखे बर्फाचे कण होणारच, ते टाळायचं तर पाणीच कमी करायचं. घुसळायचं यंत्र नाही म्हणून तेच काम कढईत आधी करून घ्यायचं, आटवण्याचं खरं कारण हे, चव आणि तो खरपूस रंग ही वरची कमाई.

निम्मं हे प्रमाण म्हशीच्या दुधावर बसतं. हिशोब करून बघू. एक लिटर म्हशीचं दूध म्हणजे साधारण १०३० ग्रॅम, त्यात स्निग्धांश ६ टक्के आणि बाकी घनपदार्थ ९ टक्के धरले तर एकूण १५४ ग्रॅम घन माल, बाकी पाणी. हे आटवून ५०० ग्रॅमवर आणलं की त्यात ३१ टक्के घन माल होतो. मग ७५ ग्रॅम साखर, म्हणजे एकूण ५७५ ग्रॅम, साखर १३ टक्के, फॅट जवळपास ११ टक्के, आणि सगळा घन माल मिळून ४० टक्के. ही झाली दाट आणि तरी चावता येणारी कुल्फी. (आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत आइस्क्रीम आणि कुल्फी एकाच रांगेत आहेत, नेहमीच्या प्रकाराला किमान १० टक्के फॅट आणि ३६ टक्के घनपदार्थ. म्हणजे कढईवाल्यांचं निम्मं या आकड्यालाही पुरून उरतं.)

साखरेचं बघा. लिटरला १०० ग्रॅम हा आकडा चुकीचा नाही, पण तो निम्म्यावर आटवलेल्या दुधाचा नाही. निम्म्यावर १०० घातली तर साखर १७ टक्क्यांच्या जवळ जाते, कुल्फी गोडमिट्ट तर होतेच पण नीट घट्टही होत नाही, काडीवरून घसरते. १०० ग्रॅम बसते ती दोन तृतीयांशावर, म्हणजे ६९० ग्रॅमवर थांबलेल्या दुधाला, तिथे ती जवळपास पावणेतेरा टक्के येते. पण तिथे घन माल एकूण ३२ टक्केच, म्हणून अशा कुल्फीत खवा किंवा कॉर्नफ्लॉर घालायची वेळ येते. तात्पर्य, साखर दुधाच्या लिटरवर मोजू नका, आटवलेल्या मालाचं वजन करून त्याच्या १५ टक्के घाला, मिश्रणात ती १३ वर येते. गरम असताना जरा जास्तच गोड लागली पाहिजे, कारण गारठ्यात जीभ गोडी कमी पकडते. आणि घालायची शेवटी, आधी घातली तर दूध बुडाला लागायला वेळ लागत नाही.

मग एक तृतीयांशावर का नाही न्यायचं, रबडीसारखं? नेता येतं, पण दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज तेवढीच राहते आणि तिला विरघळायला पाणी उरत नाही. निम्म्यावर १०० ग्रॅम पाण्यामागे साधारण १५ ग्रॅम लॅक्टोज असतं, तृतीयांशावर २७. गोठताना ते स्फटिक बनून बाहेर पडतं आणि कुल्फी जिभेवर वाळूसारखी कचकच लागते. लोकांना वाटतं साखर विरघळली नाही, पण ती घातलेली साखर नसते.

हा हिशोब बिघडला तो दूध बदललं तेव्हा. १९४० च्या दशकात मुंबईत दुधाचा तुटवडा होता म्हणून शहराच्या दूधपुरवठ्याचं काम बघणाऱ्या दारा खुरोडींनी टोन्ड दूध आणलं, म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम दूध पावडर घालून फॅट ३ टक्क्यांवर आणलेलं. शहराला दूध पुरवायला ते उत्तम होतं, कुल्फीला अजिबात नाही. एक लिटर टोन्डमध्ये घन माल ११८ ग्रॅम. त्याला ३१ टक्के करायचं तर ३८० ग्रॅमपर्यंत आटवावं लागतं, साखर ५७ ग्रॅम, शेवटी हातात ४३७ ग्रॅम, म्हणजे म्हशीच्या दुधापेक्षा १३८ ग्रॅम कमी, गॅस जास्त जळतो तो वेगळाच. वर फॅट फक्त ७ टक्के आणि लॅक्टोज पाण्यामागे १९, म्हणजे कचकच लवकर. पिवळट आटलेलं दिसलं म्हणून दाट झालं असं समजू नका, तो रंग तापवण्याचा असतो. टोन्डच हाताशी असेल तर निम्म्याच्या जरा खाली थांबा आणि मलई किंवा खवा घाला, तेच स्वस्त पडतं. डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क घालणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात ४० टक्क्यांच्या वर साखर असते, २०० ग्रॅम घातलं की ८०-९० ग्रॅम साखर आलीच, वरून आणखी चमचाभरही नको.

शेवटी उतारा. निम्म्यावर आटवलेलं म्हशीचं दूध साखरेसकट ५७५ ग्रॅम, म्हणजे सव्वापाचशे मिलीच्या आसपास. कढईच्या कडेची साय उलथन्याने खरवडून परत मिसळली नाही तर इथेच चांगला घाटा होतो, आणि तोच सगळ्यात फॅटवाला माल असतो. ६० मिलीचा साचा ५५-५८ भरायचा, गोठताना मिश्रण फुगतं म्हणून वर जागा हवी, म्हणजे लिटरमागे ९ कुल्फ्या, सांडलवंड धरली तर ८. याच मिश्रणाचं हवा भरून आइस्क्रीम केलं तर लिटरभर डबा भरतो, कारण नियमाने लिटरभर आइस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅम असलं तरी चालतं. म्हणून कुल्फी आकाराच्या मानाने महाग वाटते, त्यात हवेचे पैसे नसतात.

वजनकाटा नसेल तर रिकाम्या कढईत अर्धा लिटर पाणी ओतून लाकडी काडीवर खूण करून ठेवा, दूध त्या खुणेपर्यंत आलं की गॅस बंद. फक्त काडी बुडवायच्या आधी दुधावरचा फेस बसू द्या, उकळत्या दुधाची पातळी नेहमी वरच दिसते.