काउंट आणि टोटलचा ताळा (डेटा पाइपलाइन)

डेटा एका जागेवरून उचलून साफ करणं, जोडणं, गोळाबेरीज करणं अशा पायऱ्यांतून जातो तेव्हा प्रत्येक पायरीनंतर दोन आकडे काढून मागच्या पायरीशी जुळवतात, एक म्हणजे किती ओळी आहेत आणि दुसरा म्हणजे एखाद्या महत्त्वाच्या कॉलमची (लिटर, रुपये, युनिट) बेरीज किती. यालाच काउंट-टोटल टॅली करणं म्हणतात. वाटेत कुठली नोंद गळली नाही आणि कुठली दोनदा मोजली गेली नाही एवढं दाखवणं हाच याचा उद्देश. शेवटच्या रिपोर्टवर एकदाच ताळा घेतला तर फरक आहे एवढंच कळतं, कुठल्या पायरीवर पडला ते कळत नाही, म्हणून ताळा पायरीगणिक घ्यायचा.

ही पद्धत कॉम्प्युटरच्या पंचकार्डाच्या काळापासून आहे. कार्डांचा गठ्ठा मशीनला देताना सोबत किती कार्डं आणि रकमेची बेरीज किती हे लिहून द्यायचे. जोडीला खाते नंबरांची बेरीजही द्यायचे, तिला हॅश टोटल म्हणतात, त्या बेरजेला तसा काही अर्थ नसतो पण एखादं कार्ड हरवलं किंवा नंबर चुकीचा पंच झाला की ती बदलते. अमेरिकेतल्या बँका आपसात पैसे वळते करायला जी एसीएच फाइल वापरतात तिच्यात हे आजही जसंच्या तसं आहे, फाइलच्या शेवटच्या कंट्रोल रेकॉर्डमध्ये नोंदींची संख्या, डेबिट-क्रेडिटच्या बेरजा आणि बँकांच्या राउटिंग नंबरांवरून काढलेला एंट्री हॅश असतो.

ताळा नसला की काय होतं याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे लॅबमधून कोविड टेस्टचे निकाल सीएसव्ही फाइलमध्ये यायचे आणि पुढे एक्सेलच्या जुन्या `.xls` टेम्प्लेटमध्ये भरले जायचे, त्या फॉरमॅटच्या एका शीटमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात, त्यामुळे त्यापुढच्या ओळी पुढे गेल्याच नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतल्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस रोजच्या आकड्यात आल्या नाहीत. त्या लोकांना स्वतःचा रिपोर्ट मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम उशिरा सुरू झालं. सीएसव्हीत किती ओळी आणि शीटमध्ये किती, एवढी एक तुलना त्या पायरीवर असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा एका दूध संस्थेचं दहा दिवसांचं संकलन आहे, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं, प्रत्येक ओळीत सभासद कोड, तारीख, सत्र, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. कच्च्या फाइलमध्ये ४,८१२ ओळी आणि ३८,६४०.५ लिटर दूध. हे आकडे फाइल पाठवणाऱ्याकडून घ्यायचे, म्हणजे संकलन मशीनच्या समरीतून किंवा संस्थेच्या रजिस्टरमधून, आपण लोड केलेल्या टेबलावरून नाही, कारण लोड करतानाच काही गळलं असेल तर आपलंच टेबल आपल्याला साक्ष देणार आणि सगळं बरोबर दिसणार. आणि लोड करतानाच प्रत्येक ओळीला स्वतःचा एक `row_id` द्यायचा, फाइलचं नाव आणि ओळ नंबर मिळून झाला तरी चालतो, तो शेवटपर्यंत सोबत न्यायचा. त्याचा उपयोग पुढे दिसेल.

पहिली पायरी, लिटरचा कॉलम टेक्स्टमधून नंबरमध्ये आणणं. झाल्यावर ओळी ४,८१२ च, पण लिटर ३८,५९८.०, म्हणजे ४२.५ कमी. पाच ओळींत कोणीतरी हाताने "८.५ ली" असं टाइप केलेलं असतं, पायथनच्या पांडाज लायब्ररीत `errors="coerce"` दिलं की असल्या किमती गुपचूप रिकाम्या होतात आणि `sum` रिकाम्या किमती सोडून बेरीज करतं, कुठेही एरर येत नाही. नुसता काउंट बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. त्या पाच किमती दुरुस्त केल्या की बेरीज परत ३८,६४०.५ वर येते.

दुसरी पायरी, डुप्लिकेट काढणं. नेट गेलं आणि मशीनने तोच डेटा परत पाठवला म्हणून १२ ओळी दोनदा आल्यात, त्यांचं दूध ९६ लिटर. इथे काउंट कमी होणं बरोबरच आहे, म्हणून "आधी तेवढे नंतर तेवढे" हा नियम चालत नाही, इथला नियम असा की आत आलेल्या ओळी बरोबर बाहेर गेलेल्या अधिक बाजूला काढलेल्या, आणि हेच लिटरलाही लागू. ४,८१२ = ४,८०० + १२ आणि ३८,६४०.५ = ३८,५४४.५ + ९६. त्यासाठी काढलेल्या ओळी फेकायच्या नाहीत, वेगळ्या टेबलात कारणासकट ठेवायच्या, नाहीतर त्या १२ होत्या की १,२०० हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. मात्र हा हिशोब जुळला म्हणजे काढलेल्या ओळी खरंच डुप्लिकेट होत्या असं होत नाही. कोणी सभासद, तारीख आणि सत्र एवढ्यावरच डुप्लिकेट ठरवलं तर ज्याच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहेत त्याची एकाच सत्रातली दुसरी नोंद डुप्लिकेट म्हणून जाईल आणि समीकरण तरीही छान जुळेल. म्हणून बाजूला काढलेल्यातल्या दहा-वीस ओळी डोळ्यांनी बघाव्याच लागतात.

तिसरी पायरी सगळ्यात धोक्याची, सभासद मास्टरशी, म्हणजे सभासदांच्या मूळ यादीच्या टेबलाशी, कोडवरून जॉइन. इनर जॉइन केला, म्हणजे दोन्हीकडे कोड सापडलेल्याच ओळी ठेवल्या, काउंट बघितला, ४,८००, आधीही ४,८०० होता, बहुतेक जण इथे पुढे जातात. पण लिटर येतात ३८,६१४.५, म्हणजे ७० जास्त. आतमध्ये दोन गोष्टी एकदम झालेल्या असतात. एक नवीन सभासद मास्टरमध्ये अजून चढलेलाच नाही, त्याच्या २० ओळी आणि १२० लिटर गळाले. दुसऱ्या एका सभासदाचं बँक खातं बदललं म्हणून मास्टरमध्ये नवीन ओळ टाकली पण जुनी बंद केली नाही, त्यामुळे त्याच्या २० ओळींच्या ४० झाल्या आणि १९० लिटर वाढले. वीस गेल्या, वीस आल्या, काउंट जुळला. हे पुढे बिलात गेलं असतं तर एकाला दहा दिवसांचे पैसेच नाहीत आणि दुसऱ्याला जुन्या-नव्या दोन्ही खात्यांवर.

इथे बेरजेने पकडलं कारण दोघांचं दूध वेगवेगळं होतं. दोघांनीही १२० लिटरच घातलं असतं तर टोटलही जुळली असती, आणि यासाठीच `row_id` हवा:

```sql
SELECT COUNT(*)               AS oli,
       COUNT(DISTINCT row_id) AS vegle,
       SUM(litre)             AS litre
FROM sankalan_join;
```

या केसमध्ये उत्तर येतं ४,८०० ओळी पण वेगळे आयडी ४,७८० च. ओळींपेक्षा वेगळे आयडी कमी म्हणजे काहीतरी डबल झालंय, आणि मागच्या पायरीपेक्षा वेगळे आयडी कमी म्हणजे काहीतरी गळलंय, दोन्ही चुका एकमेकींना झाकू शकत नाहीत. लिहिताना `COUNT(*)` च लिहायचं, `COUNT(litre)` लिहिलं तर रिकाम्या किमतीच्या ओळी मोजल्या जात नाहीत आणि भलताच फरक दिसतो.

फरक दिसला की पुढचं काम ओळी शोधायचं. गळलेल्या शोधायला लेफ्ट जॉइन करून, म्हणजे संकलनाच्या सगळ्या ओळी ठेवून, मास्टरची बाजू रिकामी असलेल्या काढायच्या, डबल झालेल्या शोधायला मास्टरमध्येच `GROUP BY code HAVING COUNT(*) > 1`. खरं तर मास्टरचं हे दुसरं चेकिंग जॉइनच्या आधीच करून टाकणं जास्त बरं. पांडाजमध्ये `merge` ला `validate="many_to_one"` दिलं की उजव्या बाजूला जोडणीचा कोड दोनदा असला तर तिथेच एरर येऊन काम थांबतं.

मास्टर दुरुस्त करून जॉइन परत केला की चौथी पायरी, दरपत्रक. फॅट आणि एसएनएफवरून दर लावायचा, लेफ्ट जॉइन, ओळी ४,८००, लिटर ३८,५४४.५, सगळं जुळलं, तरी फॅट दरपत्रकाच्या बाहेर असेल तर दर रिकामा राहतो आणि त्या ओळीची रक्कमही रिकामी. रक्कम हा कॉलम याच पायरीवर जन्माला आला, त्याला मागचा आकडाच नाही, म्हणून त्याचा ताळा घेता येत नाही, तिथे रिकामे दर किती हे वेगळं मोजायचं आणि ते शून्यच असायला हवेत. लेफ्ट जॉइनमध्ये ओळ गळत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण डावीकडची ओळ टिकली याचा अर्थ उजवीकडचं काही मिळालं असा होत नाही.

पाचवी पायरी, सभासदवार बिल. ४,८०० ओळींच्या अडीचशेच्या आसपास होतील, मग काउंट कशाशी जुळवायचा? प्रत्येक बिलात "किती नोंदी" हा कॉलम ठेवायचा आणि त्या कॉलमची बेरीज ४,८०० यायला हवी, लिटरची बेरीज ३८,५४४.५ च. सभासद कोड रिकामा असेल तर एसक्यूएलचा `GROUP BY` त्या ओळींचा एक वेगळा गट करून दाखवतो, पांडाजचा `groupby` मात्र `dropna=False` दिल्याशिवाय त्या टाकून देतो, म्हणून एकच लॉजिक दोन्हीकडे लिहिलं तर दोन वेगळ्या बेरजा येऊ शकतात.

पैशांच्या बेरजेत पैशांचा फरक येतोच. प्रत्येक ओळीची रक्कम पैशापर्यंत राउंड केली तर एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होतो, ४,८०० ओळींत फार तर २४ रुपये, प्रत्यक्षात बराच कमी कारण वर-खाली दोन्हीकडे होतं. म्हणजे राउंड करायच्या आधीच्या आणि नंतरच्या बेरजेतला फरक त्या मर्यादेत असेल तरच तो राउंडिंगचा, त्याहून एक रुपया जास्त असला तरी ओळ शोधायची, "राउंडिंग असेल" म्हणून सोडायचं नाही. फ्लोटऐवजी डेसिमल किंवा थेट पैसे पूर्णांकात ठेवले तर निदान बेरजेच्या क्रमाने येणारा फरक तरी जातो.

काही फरक मात्र खोटे असतात. फाइलच्या ओळी मोजायची लिनक्सची कमांड `wc -l` फक्त लाइनब्रेक मोजते, त्यात हेडरची ओळ येते, अवतरणचिन्हांतल्या पत्त्यात एंटर असेल तर एक नोंद दोन ओळी दिसते, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ती मोजलीच जात नाही. सोर्स टेबल चालू असताना दहा वाजता मोजलं आणि लोड सव्वादहाला झाला तरी आकडे जुळणार नाहीत, म्हणून आधी कटऑफची वेळ ठरवून दोन्हीकडे तीच लावायची.

आणि जे या ताळ्याला दिसतच नाही ते म्हणजे जागा बदललेली किंमत. दोन सभासदांच्या ओळींमधले लिटर आपसात अदलाबदल झाले तर ओळी तेवढ्याच, आयडी तेवढेच, एकूण लिटर तेवढेच. त्यासाठी सभासदवार बेरजा आधी-नंतर जुळवाव्या लागतात, किंवा ओळीगणिक `row_id` आणि लिटर दोन्ही टेबलांत सारखे आहेत का हे एका टेबलात असलेल्या पण दुसऱ्यात नसलेल्या ओळी काढणाऱ्या `EXCEPT` ने बघावं लागतं, आणि ते दोन्ही दिशांनी, कारण एकाच दिशेने चालवलं तर दुसऱ्या टेबलात जास्तीच्या आलेल्या ओळी दिसत नाहीत. त्यातही साधं `EXCEPT` डुप्लिकेट एकच धरतं, त्यामुळे डबल झालेल्या ओळी पकडायला काउंटची जोड तिथेही लागते.