आधी ठिणगी, मग रोखठोक बोलणं: वाँड्सचा एक्का आणि स्वोर्ड्सचा एक्का

वाँड्सचा, म्हणजे काठ्यांचा, एक्का टॅरोचे पत्ते शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच पाठ होतो. अचानक उसळलेली इच्छा, काहीतरी नवं करायची सुरसुरी. त्यावर मी वेळ घालवत नाही. घोळ सुरू होतो तो शेजारी स्वोर्ड्सचा, म्हणजे तलवारींचा, एक्का पडला की. मग कुणी ‘दोन एक्के, म्हणजे दुप्पट नवी सुरुवात’ असं ठोकून देतं, नाहीतर तलवार दिसली म्हणून थेट भांडण सांगतं. दोन्ही ऐकून माझे कान किटले आहेत. काळजात तलवारी खुपसलेलं पान पाहिजे असेल तर ते स्वोर्ड्सची तिर्री; एक्क्याच्या गळ्यात ते घालू नका.

पामेला कोलमन स्मिथनं रंगवलेला १९०९ सालचा राइडर-वेट डेक घ्या आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. दोन्हींत ढगातून हात आलाय, इथपर्यंत सारखं. पण काठीला पालवी फुटलेली आहे, काही पानं सुटून हवेत तरंगतायत, मागे नदी आणि झाडी. तलवारीमागे उघडेबोडके डोंगर. काठी झाडाचीच, ती आपसूक वाढते. तलवार मात्र कुणीतरी तापवून, ठोकून, धार लावून घडवलेली असते. गोल्डन डॉन या लंडनच्या गूढविद्या मंडळातल्या लोकांनी हाच फरक केला होता: वाँड्सचा एक्का म्हणजे निसर्गतः आलेली शक्ती, स्वोर्ड्सचा म्हणजे आवाहन करून बोलावलेली.

म्हणून स्वोर्ड्सचा एक्का मी ठरवून, रोखठोक बोलणं असा वाचते. लोक नेमके इथे फसतात. ठिणगीच्या भरात तोंडातून जे भसाभसा बाहेर पडतं, त्यालाच ते तलवारीचं बोलणं समजतात. ‘मी तर मनातलं सगळं बोलून टाकलं!’ अहो, ती काठीच. बोलून टाकणं वेगळं आणि ठरवून बोलणं वेगळं. मी एकच कसोटी लावते: ते वाक्य उद्या सकाळी, चहा पिताना, आवाज न चढवता पुन्हा म्हणता येईल का? आणि समोरच्याला त्यावर ‘नाही’ म्हणायला जागा आहे का? तलवारीला दोन धारा असतात, त्यातली एक आपल्याकडे वळलेली असते.

एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. ती आणि तिची वहिनी रात्री बारापर्यंत फोनवर होत्या आणि दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरलं. नंतर दहा दिवस दोघी गप्प. मी पत्ते पिसण्याआधीच दोन जागा ठरवल्या: पहिली ‘काय सुरू झालंय’, दुसरी ‘आता काय लागेल’. पहिल्या जागी वाँड्सचा एक्का, दुसऱ्या जागी स्वोर्ड्सचा. म्हणाली, ‘पण आमचं सगळं बोलून झालंय गं.’ काय बोललात, विचारलं. नाव, डब्यावरचं चित्र, आणि ‘आपण करूयाच’.

म्हणजे एकही तलवारीचं वाक्य नाही. ते कसं असतं? ‘वहिनी, चकल्या-लाडू माझ्या घरी व्हायचे, गॅस माझा, भांडी माझी, तर नफ्यात मला साठ टक्के हवेत. चालेल का तुम्हाला?’ हे म्हणताना घशाला कोरड पडते, कारण उत्तर हातात नसतं. पत्तेही ते देत नाहीत. दोन्ही एक्के पुढे केलेले हात आहेत, घेतलेलं काही नाही. वहिनी हो म्हणतील असं या दोन पानांवरून सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

जागा आधी ठरवल्या नसतील, तर कोण आधी आणि कोण नंतर यावर वाद घालू नये. ठरवल्या असतील आणि तलवार आधी पडली, तर वाचन उलटतं: आधी गोष्टी स्पष्ट होतात, मग अंगात जोर येतो. वाँड्स अग्नीचे, स्वोर्ड्स वायूचे, आणि अग्नी आणि वायू हे मित्र मानले जातात, म्हणून दोन्ही पानं एकमेकांना बळ देतात. पण आग नुकती पेटलेली असताना वारा घातला तर ती भडकते, म्हणून मी मध्ये निदान एक रात्र जाऊ द्यायला सांगते.

तलवारीचा एक्का उलटा आला तर वाक्य गिळलं जातं किंवा टोमणा होऊन बाहेर पडतं. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणत माणसं तोडणारे बहुधा हा उलटा एक्काच हातात धरून असतात. सुलट तलवारीच्या टोकाला मुकुट आहे आणि त्यातून विजयाची झावळी लोंबते तशी शांततेची ऑलिव्ह फांदीही.

मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी फोन केला. वहिनी साठला कबूल झाल्या नाहीत. निम्मं-निम्मं, पण गॅसचा खर्च आधी वजा करून.